रामा ग्रीनच्या नऊ वस्तू, एकाच भिंतीवर

ताई, नमस्कार. आम्ही डोंबिवलीत भाड्याच्या वन बीएचकेत राहतो. हॉल १० बाय १४. भिंती क्रीम, सोफा कॉफी रंगाच्या रेक्झिनचा, टीव्ही युनिट अक्रोडी सनमायकाचं, पडदे बदामी. सगळंच मातकट वाटायचं, म्हणून एकच रंग धरून छोट्या छोट्या वस्तू घ्यायच्या असं ठरवलं. रामा ग्रीन माझा आवडता. एक उंच फ्लॉवरपॉट, तीन लहान पॉटचा सेट, एक घड्याळ आणि चार फोटोफ्रेम अशा नऊ वस्तू तीन महिन्यांत जमवल्या आणि टीव्हीच्या भिंतीला मांडल्या. नवरा म्हणतो, "प्रदर्शनातला स्टॉल वाटतोय." मलाही आता तसंच दिसायला लागलंय. दोन फोटो पाठवते आहे, एक दारातून आणि एक सोफ्यावरून. रंग चुकला का? पडदे बदलू का? सासूबाईंनी दिलेलं सोनेरी घड्याळ काढून ठेवलंय, त्यालाही हाच रंग दिला तर? मालकांनी खिळे ठोकायला जवळजवळ बंदीच केली आहे, तेही लक्षात घ्या.
— एक वाचक, डोंबिवली

नमस्कार.

रंग चुकलेला नाही, उलट चांगला धरलात. कॉफी, बदामी, अक्रोडी हे सगळे उबेकडे झुकणारे रंग. त्यांच्यात रामा ग्रीन थंडावा घेऊन येतो आणि वेगळा उठून दिसतो. गडबड आहे ती मांडणीत. दारातून काढलेला तुमचा फोटो मी अंगठ्याने उजवी बाजू झाकून पाहिला. टीव्हीची भिंत झाकली की खोलीत रामा ग्रीनचा ठिपकाही उरत नाही. डावी बाजू झाकली तर सगळाच्या सगळा रंग तिथे कोंबलेला. म्हणजे तुमच्या हॉलमध्ये दोन खोल्या आहेत, एक मातकट आणि एक रामा ग्रीन.

रंगाने खोली बांधली जाते ती एका साध्या कारणामुळे. दारात उभ्या माणसाची नजर एका जागी तो रंग टिपते, पुढे सरकते आणि थोड्या अंतरावर तोच रंग पुन्हा भेटतो. मधली कॉफी-बदामी जागा मग आपोआप त्या दोन ठिकाणांच्या मधली, एकाच घरातली वाटू लागते. गोधडीचा टाका असतो ना, वर येतो, खाली जातो, पुन्हा वर येतो, तसंच हे. तुम्ही सगळे टाके एकाच कोपऱ्यात घातलेत.

पण वस्तू हलवण्याआधी एक काम करा. नऊच्या नऊ वस्तू उचलून आतल्या पलंगावर ठेवा आणि हॉल एक दिवस तसाच राहू द्या. मग दारात उभं राहून भिंती, सोफा, लाकूड आणि पडदे सोडून अजून कुठले रंग दिसतात ते मोजा. तुमच्या फोटोत मला शोकेसमधली लाल मखमली फुलं दिसली, मुलाच्या निळ्या रिबिनीच्या दोन ट्रॉफ्या, टेबलावरची जांभळी पाण्याची बाटली, फ्रिजच्या बाजूला डोकावणारं भगवं कॅलेंडर आणि सोफ्यावरचा गुलाबी टॉवेल. हे पाचही रंग रामा ग्रीनइतकेच किंवा त्याहून जास्त ओरडतात. ते तिथे असताना तुमचा रंग सहावा. मग तो कितीही वस्तूंत आणा, 'या घराने धरलेला रंग' म्हणून तो डोळ्यात भरणार नाही, रंगीबेरंगीत भर पडेल तेवढीच. माझ्या अनुभवात अशा पत्रांपैकी निम्म्यांचं उत्तर इथेच संपतं. वस्तू आणायच्या नसतात, काढायच्या असतात.

ट्रॉफ्या टाकायला सांगत नाही, मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर जाऊ द्या. कॅलेंडर स्वयंपाकघराच्या दाराआड. देवघराला मात्र हात लावू नका. हळदी-कुंकू, लाल वस्त्र, झेंडू हे देवघराचे रंग आहेत, आणि देवघर ही खोलीतली वेगळी चौकट आहे हे बघणाऱ्याला न सांगता कळतं. पितळ्याची समई, तांब्याचा लोटा, काळा टीव्ही, आजोबांच्या फोटोची काळी चौकट, या गोष्टी रंगात मोजायच्याच नाहीत. त्या लाकडासारख्या असतात, कोणाशी भांडत नाहीत.

आता शेड. सोफ्यावरून काढलेल्या फोटोत उंच पॉट आणि घड्याळ एका जातीचे दिसतात, हिरव्याकडे झुकलेले. फ्रेम किंचित गडद आहेत, पण त्याच अंगाच्या. तीन लहान पॉटचा सेट मात्र निळ्याकडे गेलेला आहे. साडीच्या दुकानात कोणी तो तुम्हाला रामा म्हणून दाखवला असता तर तुम्हीच म्हटलं असतं, "अहो, हा मोरपंखीकडे जातोय." मोबाइलवर बघून घेतल्यावर हे हमखास होतं. मोबाइलच्या पडद्यावरचा रंग म्हणजे उजेड, आणि हातातल्या वस्तूचा रंग म्हणजे तिच्यावर पडून परतलेला उजेड. शिवाय प्रत्येक विक्रेत्याचा फोटो वेगळ्या दिव्याखाली काढलेला.

इथे एक खुलासा करते, कारण लोक दोन्ही टोकांना जातात. सगळ्या वस्तू तंतोतंत एकाच शेडच्या असायची गरज नाही. तशा असल्या तर तयार सेट विकत आणल्यासारखं दिसतं. एक थोडी गडद, एक थोडी फिकी, हे चांगलंच. आईच्या पातळाचा आणि त्यावरच्या ब्लाउजचा रंग कुठे अगदी तोच असायचा? पण झुकाव एक हवा. सगळ्या हिरव्याकडे, नाहीतर सगळ्या निळ्याकडे. गडद-फिक्याचा फरक डोळा माफ करतो, कारण घरात सावली पडली की असंच होतं हे त्याला ठाऊक असतं. झुकाव बदलला की तो अडखळतो, आणि आपल्याला नुसतं 'काहीतरी खटकतंय' एवढंच कळतं.

हे तपासायला सगळ्या वस्तू सकाळी दहाच्या सुमाराला बाल्कनीच्या दाराजवळ, थेट ऊन लागणार नाही अशा जागी, पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवा. कागद पांढराच हवा. कॉफी सोफ्यावर ठेवून पाहिलंत तर सोफाच तुम्हाला फसवेल. मग त्याच वस्तू त्याच कागदावर रात्री ट्यूबखाली पाहा. सकाळी जुळणाऱ्या दोन वस्तू रात्री फटकून वागू शकतात, कारण कारखान्यांनी एकच रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांतून बनवलेला असतो. एका उजेडात दोन्ही सारखे दिसतात, उजेड बदलला की गुपित फुटतं. तुमचा हॉल संध्याकाळीच जास्त वापरात असेल, तर रात्रीचा निकाल ग्राह्य धरा.

तुमच्या हॉलमध्ये पांढरीफटक ट्यूब आहे. तिच्या खोक्यावर बहुतेक 'कूल डेलाइट' आणि ६५०० के असं लिहिलेलं असेल. हा उजेड निळसर असतो. त्याखाली रामा ग्रीन आणखी निळा पडतो आणि कॉफी सोफा मेल्यासारखा दिसतो. तुम्हाला सगळं मातकट वाटत होतं, त्यातला बराच दोष मी सोफ्यापेक्षा या ट्यूबला देईन. तिच्या जागी ४००० के लावा, हा ना पिवळा ना निळा असा उजेड. आणि सोफ्याशेजारी एखादा ३००० केचा दिवा. खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, तो ८० च्या वर असला तर चांगलं, ९० मिळाला तर उत्तम. त्यावरून दिवा रंग किती खरे दाखवतो ते कळतं. भाड्याच्या घरात भिंतीचा रंग बदलता येत नाही, पण ट्यूब बदलायला मालकांची परवानगी लागत नाही.

तुमच्या प्रश्नाखाली दडलेली आणखी एक गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी एका रसायनशास्त्रज्ञाच्या वाट्याला आली होती. १८२४ साली मिशेल यूजेन शेव्हरल पॅरिसच्या गोबेलँ या प्रसिद्ध विणशाळेत रंगखात्याचे प्रमुख झाले. तिथे तक्रार होती की विणलेल्या चित्रांतल्या निळ्या-जांभळ्या कापडाच्या सावल्यांसाठी वापरलेल्या काळ्या लोकरीत दम नाही. शेव्हरल यांनी ती लोकर दुसऱ्या ठिकाणच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिली. लोकर चोख निघाली. काळा फिका पडत होता तो शेजारच्या रंगामुळे. तुमचं घड्याळही काळ्या टीव्हीच्या डोक्यावर एक दिसतं आणि क्रीम भिंतीवर दुसरंच दिसेल. म्हणून वस्तू तिच्या ठरलेल्या जागी ठेवून पाहिल्याशिवाय तिच्या रंगाबद्दल मत बनवू नका.

तर तीन लहान पॉटचा सेट हॉलमधून बाद. परत करायची मुदत संपली असेल तर बेडरूममध्ये जाऊ दे, तिथे तो एकटा सुखात नांदेल. उरल्या सहा वस्तू.

आता मांडणी. तुमच्या फोटोंवरून मला समजलं ते असं: दारातून आत आलं की डाव्या लांब भिंतीला सोफा, उजव्या लांब भिंतीला टीव्ही, समोर बाल्कनीचं सरकतं दार, आणि त्या दाराशेजारी साधारण अडीच फुटांची मोकळी भिंत. टीव्ही युनिट संपलं की स्वयंपाकघराकडे जायची वाट. या खोलीकडे माणूस तीन जागांवरून बघतो, दारातून, सोफ्यावरून आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून. प्रत्येक जागेवरून रामा ग्रीन निदान दोन ठिकाणी दिसला पाहिजे. एवढी एकच अट धरून चला.

घड्याळ समोरच्या अडीच फुटी भिंतीवर न्या. सध्या ते टीव्हीच्या डोक्यावर आहे आणि ती घड्याळाची सगळ्यात वाईट जागा. टीव्ही बघताना काटा सतत डोळ्यांच्या कडेला हलत राहतो. समोरच्या भिंतीवर ते दारातून सरळ दिसेल आणि स्वयंपाकघरातून मान वळवली की वेळही कळेल. ही भिंत बाल्कनीच्या दाराला लागून असल्यामुळे दिवसा तिच्यावर उजेड कमी पडतो आणि शेजारच्या लख्ख प्रकाशापुढे ती अंधारी वाटते. अशा जागी गडद रामा ग्रीन जवळजवळ काळा दिसू लागतो. तुमच्या घड्याळाची तबकडी पांढरी आणि फक्त कडा रंगीत आहे, म्हणून निभावेल. अख्खं गडद घड्याळ असतं तर तिथे लावायला सांगितलं नसतं.

उंच पॉट राहू द्या टीव्ही युनिटवरच, पण टीव्हीला चिकटून नको, दाराच्या बाजूच्या टोकाला. त्याची एक हात जागा मोकळी सोडा. सोबत रिमोटचा डबा, औषधाची पट्टी, लाइटबिल असं काही नको. पॉटमध्ये लाल फुलं घालू नका, वाळलेल्या गवताचे तुरे किंवा मनीप्लांटची फांदी पुरे. पानाचा हिरवा रामा ग्रीनशी भांडत नाही. पानं आपण रंगात मोजतच नाही, झाड म्हणून मोजतो.

आता फ्रेम, आणि इथे जरा सावकाश जाऊ, कारण खिळ्यांचा प्रश्न इथेच आहे. चारही फ्रेम सोफ्याच्या भिंतीवर येऊ देत, पण टांगून नाही. चार फूट लांब आणि चार इंच रुंद अशी एक लाकडी फळी करून घ्या, पुढच्या कडेला अर्ध्या इंचाची पट्टी, म्हणजे फ्रेम घसरणार नाहीत. भिंतीत तीन भोकं, त्यांत गिट्ट्या आणि तीन स्क्रू. मालकांशी तीन भोकांचंच बोलणं करा, चार खिळ्यांपेक्षा ते कमीच आहे, आणि घर सोडताना पुट्टी भरून देता येते. चिकटपट्टीचे हुक वापरू नका. डिस्टेंपरच्या भिंतीवर ते वजनाने सुटतात आणि सुटताना रंगाचा पापुद्रा सोबत घेऊन येतात. मग मालकांशी व्हायचं ते बोलणं खिळ्यांपेक्षा वाईट असतं.

तुमचा सोफा ७८ इंचांचा आहे असं धरते, तीन जणांचे सोफे साधारण तेवढेच असतात. त्यावरची मांडणी सोफ्याच्या दोन-तृतीयांश लांबीची असली की शोभते, म्हणजे ५२ इंचांच्या आसपास. फ्रेमचं बाहेरचं माप १० बाय १२ असेल तर चार फ्रेमचे ४० इंच आणि मधल्या तीन फटी दोन-दोन इंचांच्या, असे ४६ इंच होतात. ४८ इंचांच्या फळीवर ते नेमके बसतात. उंचीसाठी लोक एक आकडा पाठ करतात, चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंच. तो मोकळ्या भिंतीसाठी आहे. सोफ्यावर तेवढं उंच लावलं की फ्रेम सोफ्यापासून तुटतात आणि भिंतीवर तरंगत राहतात. सोफ्याच्या पाठीपासून सहा ते आठ इंच वर, असं पुस्तकी माप आहे. मी आपल्याकडे दहा घेते, कारण पाहुणा मागे रेलला की डोकं फळीला लागतं आणि तेलाचा डाग पडतो तो वेगळाच. घरात मूल आहे, तर फ्रेममधल्या काचा काढून ॲक्रिलिकचा पत्रा बसवून घ्या.

चारही फ्रेम रामा ग्रीन ठेवू नका. ओळीने चार सारख्या रंगीत चौकटी आल्या की त्यांचा पट्टा होतो आणि घड्याळ, पॉट बिचारे हरवतात. पहिली आणि तिसरी रामा ग्रीन, उरलेल्या दोन काळ्या किंवा गडद तपकिरी. मधोमध जोडी नको, एकाआड एक ठेवा. आतले फोटो बघा. महाबळेश्वरच्या फोटोत लाल स्वेटर, बारशाच्या फोटोत पिवळी साडी, म्हणजे फ्रेमने धरलेली शिस्त फोटो मोडतात. त्या चारांचे कृष्णधवल प्रिंट काढा आणि भोवती इंचभर क्रीम माउंट घाला. रंगीत मूळ फोटो अल्बममध्ये आहेतच.

दोन फ्रेम रंगवायच्या, तर आधी एक हातात घेऊन वजन बघा. पिसासारखी हलकी असेल तर ती लाकडाची नाही, पॉलिस्टायरीनची आहे, ऑनलाइन मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त फ्रेम तशाच असतात. तिला ऑइलपेंट किंवा हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे लावू नका. त्यातलं थिनर पॉलिस्टायरीन विरघळवतं, आणि गुळगुळीत फ्रेम तुमच्या डोळ्यांदेखत चिकट आणि सुरकुतलेली होते. शंका असेल तर मागच्या बाजूला कापसाच्या बोळ्याने थेंबभर थिनर लावून पाहा. पाण्याचा ॲक्रिलिक रंग घ्या. काच आणि पाठीचा पुठ्ठा काढून ठेवा, ३२० नंबरच्या पॉलिशपेपरने चमक मरेपर्यंत हलक्या हाताने घासा, ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. मग पाण्याचा प्रायमर, आणि त्यावर रंगाचे दोन पातळ हात, मध्ये निदान चार तास. जाड एक हात दिला की कोपऱ्यात रंग साचतो आणि ओघळ वाळून तसाच राहतो. पावसाळ्यात हे काम करायचं असेल तर दोन हातांच्या मध्ये दिवसभर थांबा, आणि काच बसवायची घाई करू नका. ओला रंग काचेला धरतो आणि पुन्हा उघडताना सोलून निघतो.

हे सगळं झाल्यावर दारातून पाहाल तर डावीकडे मधल्या उंचीवर फ्रेम, समोर वर घड्याळ, उजवीकडे खाली पॉट. तीन जागा, तीन उंच्या, तीन आकार. सोफ्यावर बसल्यावर समोर पॉट आणि बाजूला घड्याळ. स्वयंपाकघरातून फ्रेम आणि घड्याळ. अट पुरी झाली.

पडद्यांचं आता सांगते, आणि त्यासाठी थोडा हिशेब. पॉट समोरून साधारण ६० चौरस इंच दिसतो. दोन फ्रेमच्या इंचभर रुंद कडा मिळून ८० चौरस इंच. घड्याळाची कडा दोन इंच रुंद असेल तर ६० च्या थोडी वर. सगळी बेरीज २०० चौरस इंचांच्या आसपास, म्हणजे दीड चौरस फूटसुद्धा नाही. तुमची एक लांब भिंतच १४ गुणिले ९, म्हणजे १२६ चौरस फूट. ६० टक्के एक रंग, ३० टक्के दुसरा आणि १० टक्के उठावाचा, हे सूत्र तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. छोट्या वस्तूंनी ते १० टक्के कधीच भरत नाहीत, आणि भरायचा प्रयत्न केला की नऊ वस्तूंचा स्टॉल होतो. छोट्या वस्तूंचं बळ क्षेत्रफळात नसतं, त्या कुंकवाच्या टिकलीसारख्या असतात.

तरीही रंग थोडा अशक्त वाटला तर वस्तू वाढवू नका, कापड आणा. १६ बाय १६ च्या एका उशीचा अभ्रा २५६ चौरस इंच दिसतो, म्हणजे एकटी उशी तुमच्या सगळ्या वस्तूंच्या बेरजेहून मोठी. सोफ्याच्या दाराकडच्या टोकाला अशी एकच उशी ठेवा. दोन ठेवल्यात तर दुसरी बदामी असू दे. कापड घ्यायला जाताना एक फ्रेम पिशवीत घालून न्या, दुकानाबाहेर उजेडात कापडावर ठेवून बघा. मोबाइलमधल्या फोटोवरून जुळवू नका, एकदा पोळलात ना? तुमची बाल्कनी पश्चिमेला असेल तर उशीवर तिरपं ऊन येईल आणि सुती कापडाचा रंग वर्षभरात उतरेल. मग पॉट गडद आणि उशी विटलेली असं होतं. अभ्रा मधूनमधून उलटवत राहा.

पडदे बदलायचे नाहीत. बदामी पडदे ही तुमची शांत जागा आहे. रामा ग्रीन पडदे घेतले तर सात फूट उंचीचा अख्खा पट्टा रंगीत होईल, आणि पॉट, घड्याळ, फ्रेम त्यापुढे दिसेनाशा होतील. मग तो वेगळाच खेळ, त्यात छोट्या वस्तूंना काम उरत नाही.

सासूबाईंच्या घड्याळाबद्दल. रंगवू नका. सोनेरी मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकवर रंग धरत नाही, नखाने खरवडला की पोपडा येतो, आणि ते फ्रेमसारखं कोपऱ्यात लपवताही येत नाही. पण खरं कारण हे नाही. त्यांनी दिलेली वस्तू त्या घरी आल्यावर दुसऱ्याच रंगात दिसली, तर पुढचा तासभर तुम्ही रंगसंगतीबद्दल बोलत नसाल. ते घड्याळ बेडरूममध्ये किंवा देवघराच्या वर लावा. देवघरात पितळ असतंच, सोनेरीला तिथे घरचं वाटेल. आणि त्यांना सांगताना 'हॉलमध्ये शोभत नव्हतं' असं सांगू नका, 'देवाजवळ लावलंय' म्हणा. तेही खरंच आहे.

मांडून झाल्यावर मोबाइलने दारातून एक फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. घड्याळाची कडा, पॉट आणि फ्रेम भिंतीपेक्षा स्पष्ट गडद दिसल्या तर रात्री दिवे मंद असतानाही त्या उठून दिसतील. पॉट अक्रोडी युनिटच्या करड्यात मिसळून गेला असेल, तर त्याच्या खाली क्रीम रंगाचा क्रोशाचा रुमाल घाला. रंग बदलायला लागत नाही, फक्त त्याच्यामागे किंवा खाली काहीतरी फिकं हवं असतं.

एक सावधगिरी. घराने रामा ग्रीन धरलाय हे आल्या-गेल्यांना कळलं की वाढदिवसाला, हळदी-कुंकवाला त्याच रंगाच्या वस्तू येऊ लागतात. माझ्या एका ओळखीच्या बाईंनी हळदी पिवळा धरला होता. दोन वर्षांत त्यांच्याकडे पिवळी हत्तीची जोडी, पिवळी पेनस्टँड आणि पिवळा टिश्यूचा डबा जमला, आणि हॉल पुन्हा स्टॉल झाला. नवी वस्तू आली तर जुनी एक आत जाईल, असं घरात ठरवून टाका. पाचाच्या वर आकडा जाऊ द्यायचा नाही. दोन फ्रेम, घड्याळ, पॉट, उशी, हे पाच झालेच.

आणि शोकेसमधली लाल फुलं. तुम्ही त्यांच्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत, त्यावरून वाटतं त्यांत कोणाचातरी जीव असावा. ती गणपतीपर्यंत माळ्यावर ठेवा. ते दहा दिवस पॉट आणि उशी आत जाऊ द्या आणि हॉल हवा तेवढा रंगीबेरंगी होऊ द्या. मखराशेजारी लाल फुलांना कोणी नावं ठेवणार नाही.